दहा तास कोणी ठरवले?

मामाचा रोह्यात जुना दवाखाना आहे. भाची पेणला राहते आणि मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे जनवैद्यकशास्त्र, शिकवते. भातकापणीच्या दिवसांत मामाकडे विंचू चावलेले रुग्ण येतात. पेंढा उचलताना, सरपण काढताना, कौलं शाकारताना डंख बसतो आणि तासाभरात अंगाला घामाच्या धारा लागतात, हातपाय गार पडतात. अशा रुग्णाला प्राझोसिनची गोळी द्यायची, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी साऱ्या जगाला शिकवलं. आता प्रश्न आहे तो प्राझोसिनच्या जोडीला ‘विंचवाची लस’ द्यावी का, हा. लस म्हणजे प्रतिविष. या प्रश्नावर आजवर झालेल्या चाचण्यांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे पद्धतशीर आढावा, दोघांनी मिळून करावा असं भाचीच्या मनात आहे. त्याआधी आढाव्याचा प्रोटोकॉल नोंदवायचा, असा तिचा आग्रह. मामाला हा आग्रह पटलेला नाही.

मामा: माझी वाचायची रीत सरळ आहे. सगळं समोर मांडायचं, वाचत जायचं आणि वाचता वाचता कळतं की खरा प्रश्न काय होता. तू सांगतेस ते नेमकं उलट. काही वाचायच्या आधी लिहून द्या की आम्ही काय शोधणार, कोणते अभ्यास घेणार, कोणते सोडणार, कशावरून निकाल लावणार. हे म्हणजे लग्नाआधी याद्या करून सह्या घेतल्यासारखं झालं. आढावा घेणाऱ्यावर एवढा अविश्वास कशाला?

भाची: अविश्वासाचं नंतर बोलू. आधी एकच चाचणी नीट बघू, तीही आपल्याच जिल्ह्यातली. २०११ साली डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा अभ्यास बीएमजेमध्ये आला. लाल विंचवाचे ७० रुग्ण, दोन गटांत ३५–३५. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. औषध दिल्यापासून दहा तासांनी घाम, लाळ, गार हातपाय, रक्तदाबातला बिघाड ही सगळी लक्षणं पूर्ण गेलेले रुग्ण किती, हे त्यांचं मुख्य मोजमाप होतं.

मामा: तो पेपर माझ्याकडे आहे. लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत मोकळे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. सरासरी वेळ लसवाल्यांना ८ तास, बाकीच्यांना १७.७ तास. एवढा फरक मोजायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही.

भाची: बरोबर. आता त्याच पेपरातली दुसरी ओळ आठवा. रुग्णाची अवस्था आणखी बिघडून तो पुढच्या, जास्त गंभीर पायरीवर जाणं किती प्रमाणात टळलं?

मामा: तिथे दोन्ही गट सारखे होते. आणि ते साहजिकच आहे. बिघाड थांबवतं ते प्राझोसिन, आणि ते दोघांनाही मिळालेलं होतं.

भाची: कारण तुमचं पटण्यासारखं आहे. पण आता आढावा लिहिणाऱ्याच्या जागी बसा. चाचणी एकच. मुख्य मोजमाप ‘दहा तासांत लक्षणं जाणं’ धरलं, तर आढाव्याचा मथळा होतो: लसीमुळे बरे होण्याचं प्रमाण चौपट. ‘अवस्था बिघडणं टळलं का’ हे धरलं, तर मथळा होतो: लस जोडून फरक पडत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत, कोणीही खोटं बोललेलं नाही. मग यातलं कोणतं वाक्य वर येणार, हे ठरलं केव्हा? आकडे बघायच्या आधी की नंतर?

मामा: माझ्यासारखा डॉक्टर दोन्ही वाक्यं लिहील.

भाची: लिहाल, पण सारांशात पहिलं कोणतं? पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी दवाखान्यातला मेडिकल ऑफिसर पूर्ण पेपर वाचत नाही, सारांश वाचतो. लस मागवायची की नाही, हे तो त्यावर ठरवतो. शिवाय निवड एवढ्या एकाच ठिकाणी होत नाही. दुसरं ठिकाण दाखवते. कोणत्या विंचवाच्या चाचण्या घ्यायच्या?

मामा: आपल्याकडच्या लाल विंचवाच्या. त्यात काय विचारायचं?

भाची: तुम्हाला विचारावंसं वाटत नाही, कारण तुम्ही रोह्यात बसलात. १९९९ साली लॅन्सेटमध्ये ट्युनिशियाची मोठी चाचणी आली होती, ८२५ रुग्णांची. तिथले विंचू वेगळ्या जातीचे, लसही वेगळी, आणि डंख सौम्य असो की गंभीर, येणाऱ्याला लस किंवा लसीसारखं दिसणारं पाणी दिलेलं. त्यात लसीचा फायदा दिसला नाही. ‘विंचूदंशात लस उपयोगी आहे का’ असा प्रश्न घेतला तर ही चाचणी आत येते, आणि तिचे ८२५ रुग्ण महाडच्या ७० रुग्णांना झाकून टाकतात. ‘लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिनला लसीची जोड’ असा प्रश्न घेतला तर ती बाहेर जाते. मग उरते महाडची चाचणी आणि पुदुच्चेरीच्या जिपमेरमधली ५० मुलांवरची, जी २०१४ साली छापून आली.

मामा: मग दुसराच प्रश्न बरोबर आहे. वेगळ्या विंचवाचं विष वेगळं, त्यामुळे लसही वेगळी. त्या चाचणीत सौम्य डंखवालेही होते आणि ते लसीशिवायही बरे झालेच असते. अशा गर्दीत लसीचा फायदा असला तरी दिसणार नाही.

भाची: मलाही तसंच वाटतं. म्हणून तर म्हणते, हे कारण आत्ताच लिहून ठेवू. हेच कारण सगळे आकडे एकत्र केल्यावर लिहिलं, तर वाचणारा विचारेल, ‘निकाल गैरसोयीचा होता म्हणून चाचणी वगळली का?’ शब्द तेच असतील, पण आधी लिहिले तर तो नियम होतो आणि नंतर लिहिले तर सबब वाटते. आणि ती सबब आहे की प्रामाणिक कारण, हे बाहेरच्या माणसाला कळायला कुठलाही मार्ग नसतो.

मामा: आणखी किती ठिकाणी अशा निवडी असतात?

भाची: बोटांवर मोजू. मोजमापं तीन धरू: दहा तासांतली सुधारणा, बरं व्हायला लागलेला वेळ, अवस्था बिघडणं. विंचवांचे पर्याय दोन: फक्त लाल, किंवा सगळे. अभ्यासांचे पर्याय दोन: फक्त चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडलेले, म्हणजे रँडमाइज्ड, किंवा रुग्णालयांनी छापलेल्या साध्या नोंदीही. तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे बारा आढावे, आणि साहित्य एकच. समजा लसीचा काहीही उपयोग नाही. तरी प्रत्येक आढाव्यात निव्वळ योगायोगाने ‘उपयोग आहे’ असं दिसण्याची शक्यता शंभरात पाच. बारा आढावे एकमेकांपासून स्वतंत्र असते, तर त्यातला निदान एक तरी फसवा निघण्याची शक्यता ४६ टक्के झाली असती.

मामा: ते स्वतंत्र नाहीत. रुग्ण तेच आहेत.

भाची: म्हणून खरा आकडा ४६ पेक्षा कमी असेल. पण पाचावर तो राहत नाही, एवढं नक्की. आणि आपण बारापैकी एकच छापला, तर बाकीच्या अकरांची वाचकाला वार्ताही नसते.

मामा: ठीक आहे, धोका मान्य. पण हा धोका कागदावरचा की प्रत्यक्षातला? चांगले लोक असं करतात का?

भाची: यावर काम झालंय. कॉक्रेन ही संस्था आढाव्यांसाठीच ओळखली जाते आणि स्वतःचे प्रोटोकॉल आधी छापते. त्यामुळे तिथे प्रोटोकॉल आणि छापलेला आढावा शेजारी शेजारी ठेवून तपासता येतो. कर्कहॅम, आल्टमन आणि विल्यमसन यांनी २०१० साली असे २८८ आढावे तपासले. त्यातल्या ६४ मध्ये मोजमापांच्या बाबतीत फारकत होती. काही मोजमापं नव्याने आली होती, काही गळाली होती, काहींना बढती मिळाली होती तर काहींची बदली खाली झाली होती. आणि जी मोजमापं मागाहून वर चढवली गेली, ती लक्षणीय निघण्याचं प्रमाण जास्त होतं.

मामा: चौसष्ट जणांनी लबाडी केली म्हणायची?

भाची: तसं कोणीच म्हणत नाही. बऱ्याच जणांकडे तुमच्यासारखंच चांगलं कारण असेल. पण ६४ पैकी फक्त चौघांनी ते कारण आढाव्यात लिहिलं. उरलेल्या साठांमध्ये कोण प्रामाणिक आणि कोण नाही, हे नुसता आढावा वाचून कोणालाच सांगता येत नाही. आणि यात नुकसान जास्त कोणाचं झालं असेल तर प्रामाणिकांचं.

मामा: हे मात्र मनाला लागलं. तरीही माझा मूळ मुद्दा बाजूला पडू देऊ नकोस. डॉ. बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा विंचूदंशाने फुप्फुसात पाणी भरून माणसं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम यांची नोंद ठेवली. त्यातून त्यांना कळलं की विष रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयावर ताण आणतं, म्हणून ती आवळण सोडवणारं औषध हवं. प्राझोसिनवरचं त्यांचं टिपण १९८६ साली लॅन्सेटमध्ये आलं. एके काळी गंभीर रुग्णांमध्ये सुमारे ३० टक्के असलेले मृत्यू पुढे काही टक्क्यांवर आले. हा शोध कोणत्या प्रोटोकॉलमधून आला? पाहता पाहता त्यांचा विचार बदलला, म्हणून तो लागला.

भाची: त्या टप्प्यावर विचार बदलायलाच हवा होता. पण त्याच डॉक्टरांनी पुढे ‘लस जोडल्याने फायदा होतो का’ हे ठरवायचं म्हटल्यावर गट पाडले आणि मोजमाप कोणतं, किती तासांनी, ते ठरवून घेतलं. कारण तिथे ते नवीन काही शोधत नव्हते, निवाडा करत होते. आढावा हाही निवाडाच असतो. आणि चाचणी करणाऱ्याला निदान पुढचा रुग्ण कसा वागेल हे माहीत नसतं. आढावा करणाऱ्यासमोर मात्र निकाल आधीच छापलेले असतात. त्यामुळे आपल्याला मोह जास्त.

मामा: इथे तू स्वतःच्याच जाळ्यात सापडलीस. निकाल आधीच छापलेले असतात म्हणतेस, मग ‘आधी’ नोंदवण्याला अर्थ काय? तुला आणि मला महाडचे आकडे पाठ आहेत. आत्ताच मी ते घडाघडा म्हणून दाखवले. आता आपण साळसूदपणे लिहायचं की ‘मुख्य मोजमाप: दहा तासांतली सुधारणा’? उत्तर माहीत असताना प्रश्नपत्रिका काढल्यासारखं झालं ते.

भाची: हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे. नोंदणीमुळे आपली माहिती पुसली जात नाही. पण दोन गोष्टी होतात. एक, जे अभ्यास आपल्याला माहीत नाहीत, जे शोधात सापडतील, त्यांच्यासाठी नियम आधी ठरलेला असतो. दोन, ‘महाड आणि पुदुच्चेरीच्या चाचण्यांचे निकाल आम्हाला प्रोटोकॉल लिहिण्याआधीच माहीत होते’ हे आपण प्रोटोकॉलमध्येच लिहू शकतो. कोणतंही मोजमाप निवडण्याचं कारणही मग रुग्णाच्या बाजूने द्यावं लागेल, आकड्याच्या बाजूने नाही.

मामा: रुग्णाच्या बाजूने विचारशील तर माझं मोजमाप पहिलं हेच: माणूस वाचला का?

भाची: चला, मग हेच घेऊन शेवटपर्यंत जाऊन बघू. समजा आपण मुख्य मोजमाप ‘मृत्यू’ असं नोंदवलं. कारण स्वच्छ आहे, दवाखान्यात येणाऱ्या माणसाला तेच हवं असतं. नोंदणी कुठे करायची? चाचण्यांसाठी आपल्याकडे आयसीएमआरची सीटीआरआय आहे, २००७ पासूनची. पण ती रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी. आढाव्यांसाठी इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाने २०११ साली प्रॉस्पेरो ही नोंदवही सुरू केली, ती फुकट आहे. आधी तिथे शोधायचं की हाच आढावा दुसरं कोणी करतंय का. छापलेलेही बघायचे. विंचूदंशाच्या उपचारांवरचा रॉड्रिगो आणि ग्नानथासन यांचा जगभरच्या चाचण्यांचा आढावा २०१७ साली येऊन गेलाय. त्यानंतरही आपला का हवा, हे सांगता यायला हवं. मग फॉर्म भरायचा: प्रश्न काय, कोणते रुग्ण, कोणता उपचार कशाशी ताडून, कोणती मोजमापं, कुठे शोधणार, अभ्यासांतला पक्षपात कसा तपासणार, आकडे कसे एकत्र करणार, आणि काम आत्ता कोणत्या पायरीवर आहे. हे सगळं अभ्यासांमधून आकडे काढायला बसण्याआधी. नोंद झाली की CRD42 ने सुरू होणारा क्रमांक आणि तारीख मिळते.

मामा: आणि तिथे कोणी तज्ज्ञ बसून प्रोटोकॉल चांगला की वाईट ते सांगतो?

भाची: नाही. फॉर्म पूर्ण आहे का, विषय त्यांच्या कक्षेत बसतो का, एवढंच बघतात. वाईट प्रोटोकॉललाही क्रमांक मिळतो. म्हणून ‘प्रॉस्पेरोत नोंद आहे’ एवढ्यावर आढावा चांगला मानायचा नाही. नोंदीने मिळते ती तारीख आणि त्या तारखेचा मजकूर.

मामा: ठीक. मुख्य मोजमाप मृत्यू. पुढे?

भाची: शोध घेतला आणि समजा रँडमाइज्ड चाचण्या या दोनच हाती लागल्या. रुग्ण सगळे मिळून १२०. प्राझोसिन मिळू लागल्यावर मृत्यू इतके कमी झालेत की १२० माणसांत लसीमुळे मृत्यू टळले का, हे कळणं शक्यच नाही. तसा फरक दिसायला हजारो रुग्ण लागतील. आता काय करायचं?

मामा: मोजमाप बदलायचं. दहा तासांतली सुधारणा घ्यायची. शहाणा माणूस हेच करेल.

भाची: करू. कोणी अडवलेलं नाही. प्रोटोकॉल मोडू नये असा नियमच नाही. नियम एवढाच की मोडला तर सांगा. प्रॉस्पेरोत परत जाऊन नोंद सुधारायची, कारण लिहायचं, आणि जुनी आवृत्ती तिथेच दिसत राहते. आढाव्यातही लिहायचं. प्रिझ्मा २०२० या मार्गदर्शिकेत हे कलम २४ मध्येच आहे: नोंदणीचा तपशील द्या, प्रोटोकॉल कुठे मिळेल ते सांगा, आणि नोंदीपासून काय बदललं ते कारणासह सांगा. कॉक्रेनच्या आढाव्यांत तर प्रोटोकॉल आणि आढावा यांतल्या फरकांसाठी स्वतंत्र भागच असतो.

मामा: म्हणजे लिहायचं, ‘काही अडचणींमुळे मुख्य मोजमापात बदल करण्यात आला.’ झालं.

भाची: या वाक्यात वाचकाच्या हाती काय लागलं? कोणत्या अडचणी, कधी बदल केला, आकडे पाहून की न पाहता, आणि बदल न करता काय निघालं असतं, यातलं काहीच नाही. तुम्हीच लिहा बघू.

मामा: बरं. ‘नोंदवलेलं मुख्य मोजमाप मृत्यू हे होतं. शोधानंतर दोनच चाचण्या, एकूण १२० रुग्णांच्या, पात्र ठरल्या. एवढ्या रुग्णांत मृत्यूंमधला फरक दिसणं शक्य नसल्याने औषधानंतर दहा तासांनी लक्षणं पूर्ण जाणं हे मुख्य मोजमाप धरलं.’ आता यात काय राहिलं?

भाची: वेळ. ‘हा बदल दोन्ही चाचण्यांचे निकाल माहीत असताना केला आहे.’

मामा: हे लिहिलं तर संपादक आढावा परत पाठवेल.

भाची: पाठवेलही. पण हे वाक्य नसलं तर संपूर्ण टिपणाची दिशाच चुकते. बदल निकाल पाहण्याआधी झाला की नंतर, यावर त्याचं वजन ठरतं. समजा फ्रेंचमधले अभ्यासही घ्यायचे असं आपण शोध सुरू करण्याआधी ठरवलं, तर तोही बदलच. तो लिहायचा, पण त्याने कोणाची झोप उडणार नाही, कारण त्याचा निकालाशी संबंध असूच शकत नाही. दहा तासांचा बदल मात्र निकाल माहीत असताना झाला, आणि नेमका ज्या मोजमापात चौपट फरक आहे ते वर चढलं. कारण कितीही खरं असलं तरी वाचकाने या आकड्याकडे थोडं जपून पाहायला हवं. ते जपून पाहणं त्याचा हक्क आहे.

मामा: मग तो हक्क त्याला नीट बजावता यावा म्हणून मृत्यूचाही निकाल द्यायला हवा. ‘मृत्यूंबाबत १२० रुग्णांवरून काही सांगता येत नाही’ हे पहिलं, आणि त्याखाली दहा तासांचं.

भाची: हेच मी म्हणणार होते. मूळ ठरावानुसार जे निघतं ते गाळायचं नाही. दोन्ही द्यायचं. आणि अवस्था बिघडण्याबाबत फरक दिसला नाही, हेही द्यायचं.

मामा: आणि एक गोष्ट तू विसरलीस. महाडच्या चाचणीत कोणाला लस दिली हे डॉक्टरांना आणि रुग्णांनाही माहीत होतं. ती ओपन लेबल होती. मृत्यू मोजताना त्याने फरक पडत नाही, मेलेला माणूस मेलेलाच. पण घाम थांबला का, हातपाय पुरते गरम झाले का, हे ठरवणारा मी, आणि याला लस मिळालीय हे मला ठाऊक. दर तीन तासांनी प्राझोसिन द्यायचं ते हातपाय कोरडे आणि ऊबदार होईपर्यंत, पण ‘पुरते ऊबदार’ कशाला म्हणायचं यात माझा हात लावायचा अंदाज असतो. म्हणजे मृत्यूवरून दहा तासांवर आलो, तेव्हा आपण नुसतं मोजमाप नाही बदललं. पक्षपाताला जागा नसलेल्या मोजमापावरून जागा असलेल्या मोजमापावर आलो.

भाची: हे मला सुचलं नव्हतं. बदलाची नोंद का करायची याचं मी दिलेल्या कारणांपेक्षा हे जास्त चांगलं कारण आहे. बदल नोंदवला नाही, तर हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच नाही. त्याला वाटेल, यांनी पहिल्यापासून हेच मोजायचं ठरवलं होतं.

मामा: पण हे सगळं उघडून तपासणार कोण? मेडिकल ऑफिसर सारांश वाचतो हे तूच म्हणालीस.

भाची: सगळे तपासत नाहीत, खरं आहे. पण ज्याला तपासायचं त्याला वेळ फार लागत नाही. आढाव्यातला नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि प्रॉस्पेरोवर पहिली आवृत्ती उघडायची. तीन गोष्टी बघायच्या. पहिल्या नोंदीची तारीख शोधाच्या आणि आकडे काढण्याच्या आधीची आहे का? तिथलं मुख्य मोजमाप आणि सारांशातलं पहिलं वाक्य एकच आहे का? नसेल तर आढाव्यात त्याचं कारण दिलंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर नोंद नुसती शोभेची. दुसऱ्याचं ‘नाही’ आणि तिसऱ्याचंही ‘नाही’ असेल, तर त्या आढाव्यावर विसंबून लस मागवू नये आणि नाकारूही नये.

मामा: आणि पहिल्या नोंदीत ‘मोजमाप: रुग्णाची सुधारणा’ एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर? त्यात दहा तासही बसतात, वीस तासही बसतात, आणि काहीच मोडलं असं म्हणता येत नाही.

भाची: तिथे नोंदणी हरते. मोघम प्रोटोकॉल कधी मोडतच नाही. म्हणून मोजमाप लिहिताना काय, कसं, किती वाजता आणि कोणी मोजलं, हे चारही लिहायचं. आपल्या बाबतीत वेगळ्या चाचण्यांनी वेगळ्या वेळी मोजलं असेल तर दहा तासांच्या जवळची कोणती वेळ घेणार, हेही आत्ताच. सहा ते बारा तासांमधली, आणि दोन असतील तर दहाच्या जास्त जवळची, असं काहीतरी.

मामा: तरी माझं समाधान पूर्ण झालेलं नाही. एवढं बांधून घेतलं की नवखे लोक बदल करायलाच घाबरतील. चुकीचं मोजमाप दिसत असूनही प्रोटोकॉलला चिकटून बसतील, कारण बदल सांगणं म्हणजे चूक कबूल करणं वाटतं. त्यातून निरुपयोगी आढावे निघतील.

भाची: ती भीती खरी आहे, आणि बदलांची यादी पाहिली की नाक मुरडणारे परीक्षक ती वाढवतात. एकही बदल न दाखवणारा आढावा पाहिला की मला उलट शंका येते. शेकडो शोधनिबंध चाळताना काहीच अनपेक्षित सापडलं नाही?

मामा: मग प्रोटोकॉल लिहू. मुख्य मोजमाप मृत्यूच ठेवू. १२० रुग्णांत त्यावर काही सांगता येणार नाही हे आत्ताच दिसतंय, तेही लिहू. तसं असेल तर दहा तासांतली सुधारणा हे दुसरं मोजमाप, आणि ते ओपन लेबल चाचण्यांत किती विश्वासाचं, ते वेगळं तपासू.

भाची: असं लिहिलं तर मघाचा तुमचा बदल हा बदलच राहत नाही. ते आधी ठरवलेलं पाऊल होतं.

मामा: पण त्याच्या वर पहिली ओळ मी लिहिणार, आणि ती तू कापायची नाहीस. ‘या आढाव्याच्या दोन्ही लेखकांना महाड आणि पुदुच्चेरीच्या चाचण्या हा प्रोटोकॉल लिहिण्याआधीपासून माहीत आहेत. महाडचे आकडे तर तोंडपाठ आहेत, आणि एका लेखकाचं लसीबद्दलचं मत रोह्यात रुग्ण पाहताना आधीच बनलेलं आहे.’

भाची: मत कोणतं, तेही लिहा.

मामा: लस द्यावी, असं माझं मत आहे. लिही.